टिंबानंतरचे गुंठे

जमिनीच्या आकड्यातलं टिंब मला सोसत नाही. कुणी '१.२०' असं लिहून दिलं की खिशातलं पेन काढून त्याचं '१ एकर २० गुंठे' करेपर्यंत मला चैन पडत नाही. घरातले याला खोड म्हणतात. म्हणोत बापडे. रुपयात टिंब शोभतं, शंभर पैसे झाले की रुपया पुरा. गुंठ्यांचं तसं नाही, चाळीस झाले की एकर. म्हणजे १.३९ च्या पुढं १.४० येत नाही, थेट २.०० येतं. आणि अडीच एकर लिहायचे तर २.२०. शाळेतला दशांश डोक्यात ठेवून उताऱ्यापुढं बसलेल्या माणसाला हे पटता पटत नाही.

चाळीसच का, हे मला बेळगावजवळच्या आमच्या उचगावच्या शेतात कळलं. भात निघालेलं होतं, शेजाऱ्याशी बांधावरून कुरबूर झाली होती, म्हणून मोजणी लावली होती. आजोबांनी साखळीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि 'हलू नकोस' म्हणून दटावलं. ही साखळी तेहतीस फुटांची. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, असा चौकोन म्हणजे गुंठा. तेहतीस गुणिले तेहतीस, १०८९ चौरस फूट. असे चौकोन दोन रुंद आणि वीस लांब मांडले की एकर झाला, ४३,५६० चौरस फूट. मोजणीवाल्यानं काडीनं मातीत हे काढून दाखवलं, तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

साखळीचे पुन्हा सोळा भाग, म्हणजे आणे. रुपयातला आणा १९५७ साली दशमान नाणी आल्यावर गेला, पण आमच्याकडच्या उताऱ्यावर एकर, गुंठे आणि आणे अजून एका ओळीत नांदतात. एक आणा जमीन म्हणजे सुमारे ६८ चौरस फूट. तेहतीस फूट लांब आणि दोन फुटांहून थोडी रुंद पट्टी. जवळजवळ बांधाएवढीच. दोन भावकींत तीन तीन वर्षं बोलणं बंद असतं, ते बहुतेक एवढ्याच जागेपायी. त्या दिवशीची मोजणी तरी कुठं मिटली म्हणा. दगड हलला, शेजारी हलला नाही.

हे सगळं परवा दुपारी वर आलं, कारण घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन उताऱ्यांचे फोटो येऊन पडले. एक आमच्या काकांच्या जमिनीचा, दुसरा शिनोळीकडच्या पाहुण्यांचा. शिनोळी म्हणजे वेंगुर्ले रस्त्यानं कर्नाटकाची हद्द ओलांडली की लगेच, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात. दोन्ही फोटो असे कापलेले की रकान्याचं शीर्षक गायब, आकडा तेवढा शिल्लक. दोन्हींवर १.२०. पाहुण्यांच्या जमिनीचे नव्वद लाख आले, आणि काकांना गिऱ्हाईक साठ देत होतं. झालं, सगळे काकांवर तुटून पडले. "तेवढीच जमीन, तीस लाखांचा फरक कसा काय?"

तेवढीच कुठं होती? १९५६ पर्यंत दोन्हीकडं मुंबई राज्याचाच कारभार, त्यामुळं हिशेबही एकच होता. पुढं महाराष्ट्रानं सातबारा हेक्टर-आरवर नेला, आमचा उतारा एकर-गुंठ्यांतच राहिला. तिकडचं १.२० म्हणजे एक हेक्टर वीस आर. शंभर आरचा हेक्टर, म्हणून एकूण १२० आर, आणि त्याचे गुंठे होतात साधारण ११८.६. आमचं १.२० म्हणजे साठ गुंठे. पाहुण्यांना गुंठ्याला सुमारे ७६ हजार पडले, काकांना मिळत होते एक लाख. चौरस फुटानं बघितलं तर तिकडं सत्तर रुपये आणि इकडं ब्याण्णव. ज्यांना फसवलं म्हणून ओरड चालली होती, तेच वरचढ निघाले.

एवढ्यात पुण्याच्या भाच्यानं मोबाइलवर हिशेब करून तिसराच आकडा टाकला. त्यानं १.२० ला ४३,५६० नं गुणलं होतं. उत्तर आलं ५२,२७२ चौरस फूट, म्हणजे अठ्ठेचाळीस गुंठे. त्याच्या टिंबात काकांचे बारा गुंठे, म्हणजे बारा लाख, गडप झाले होते. एजंटाची तऱ्हा आणखी वेगळी. तो तोंडी हिशेबाला सोपं पडावं म्हणून 'गुंठा म्हणजे हजार फूट' धरून चालला होता. एका गुंठ्यामागं ८९ फूट सोडले तर काही वाटत नाही. साठ गुंठ्यांवर तेच ५,३४० होतात, म्हणजे पाच गुंठ्यांना थोडेच कमी.

गंमत अशी की लहान तुकड्यात ही गफलत उघडी पडतच नाही. ०.२० घ्या. आमच्याकडं वीस गुंठे, म्हणजे २१,७८० चौरस फूट. तिकडं वीस आर, म्हणजे सुमारे २१,५२८. फरक एका खोलीएवढा. अशा दोन-चार तुकड्यांचा हिशेब जुळला की माणसाची खात्री पटते, टिंबाच्या डावीकडं एक आला की तीच खात्री नडते, कारण तिथं एकराचा हेक्टर होतो आणि जमीन जवळजवळ अडीचपट.

म्हणून मी आधी टिंबाच्या उजवीकडं बघतो. तिथं चाळीस किंवा त्याहून मोठा आकडा असला तर ते गुंठे नव्हेत. तिसरा आकडा असेल तर आणखी बरं. आणे पंधराच्या वर जात नाहीत, हेक्टरच्या उताऱ्यावर त्या जागी चौरस मीटर असतात आणि ते नव्व्याण्णवपर्यंत जातात. पण वीसवर काहीच ठरत नाही, वीस सगळीकडं बसतो. मग उताऱ्याचा पूर्ण कागद मागवायचा. आमच्या घरात कानडी वाचणारे थोडे, अंक तेवढे सगळ्यांना येतात, आणि लोक वाचता येतं तेवढाच फोटो काढतात.

मी पूर्ण कागद मागवला, एकक लिहून ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, साठ गुंठे, दोघां भावांना तीस-तीस. काकांनी अंगठा दाखवला, वडिलांनीही.

निपाणीच्या आत्या ग्रुपवर सहसा सणाच्या शुभेच्छांपलीकडं काही लिहीत नाहीत. त्यांनी लिहिलं, "साठाला तीननंपण भाग जातोय की रे."

मुलींचा वाटा कायद्यात २००५ पासून मुलांच्या बरोबरीचा आहे, आणि ही जमीन आजोबांची. हे ग्रुपवरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं, मलाही. संध्याकाळी काकांचा फोन आला. एजंटाला आठवडाभर थांबायला सांगितलंय म्हणाले, आणि निपाणीची बस किती वाजता आहे ते विचारलं.