व्हॉट्सअॅप जड झाले तेव्हा: फोटोंचे ओझे वेगळे, मेसेजांचे वेगळे

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीची सचिव म्हणून गेली कित्येक वर्षे माझा बराचसा कारभार व्हॉट्सअॅपवरच चालतो. गुरुवारी पाणी बंद असल्याची सूचना, देखभाल शुल्काच्या पावत्या, लिफ्टवाल्याचे कोटेशन, कोणाच्या गाडीने कोणाची वाट अडवली त्याचा फोटो, असे सगळे त्या एका गटात येत राहते. शिवाय माहेरचा गट, शाळेच्या मैत्रिणींचा गट आणि भाच्याच्या ढोल-ताशा पथकाचा पालकांसाठीचा गट आहेच. हळूहळू अॅप उघडले की पडदा काही क्षण पांढराच राहू लागला, टाइप केलेली अक्षरे उशिरा उमटू लागली, आणि जुनी पावती शोधायला शब्द टाकला की नुसते चक्र फिरत राहायचे. तापकीर गल्लीतल्या एका दुकानदाराने फोन हातात घेऊन, उघडूनही न पाहता, नवा घ्या असे सांगितले. फोन काही इतका जुना नव्हता, म्हणून आधी हे ओझे नेमके कशाचे आहे ते पाहायचे ठरवले.

फोनच्या सेटिंगमध्ये पाहिले तर १२८ जीबीपैकी जेमतेम ३ जीबी जागा शिल्लक होती. फोनची साठवण इतकी भरत आली की त्रास एकट्या व्हॉट्सअॅपला होत नाही, कॅमेऱ्यालाही होतो. फोनमधल्या साठवणीला जुन्या मजकुरावर थेट नवा मजकूर लिहिता येत नाही. आधी एखादा मोठा तुकडा रिकामा करावा लागतो आणि मगच त्यात लिहिता येते. मोकळी जागा पुरेशी असली की ही आवराआवर फोन रात्री चार्जिंगला असताना गुपचूप उरकून घेतो, पण जागाच नसली की प्रत्येक नव्या मेसेजमागे ती तिथल्या तिथे करावी लागते आणि पडदा अडकतो. निदान दहा टक्के जागा मोकळी ठेवावी असे म्हणतात ते यासाठी. माझ्या फोनच्या हिशेबाने ती १३ जीबी होत होती.

पहिली सफाई अर्थातच फोटो-व्हिडिओंची केली. व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये Storage and data खाली Manage storage असे एक पान आहे. तिथे ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइली एकत्र दिसतात, अनेकदा फॉरवर्ड होऊन आलेल्या फाइली वेगळ्या दिसतात आणि त्याखाली प्रत्येक गटाने किती जागा अडवली आहे ते उतरत्या क्रमाने लावलेले असते. सोसायटीचा गट सर्वांत वर असेल असा माझा अंदाज होता, पण पहिला क्रमांक निघाला पथकाच्या गटाचा, तब्बल १४ जीबी. गणपतीच्या आधी महिना-दीड महिना सराव चालतो, आणि रोज संध्याकाळी चार-पाच पालक एकच ठेका आपापल्या कोनातून टिपून गटात टाकतात, हे लक्षात घेतले तर त्यात आश्चर्य काही नव्हते.

काही पुसण्याआधी फोन केबलने संगणकाला जोडून सगळे माध्यम-फोल्डर उतरवून घेतले. अँड्रॉइड फोनमध्ये ते या ठिकाणी असते:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media
```

आत चित्रे, व्हिडिओ, व्हॉइस नोट आणि कागदपत्रे यांचे वेगवेगळे फोल्डर असतात, आणि बहुतेकांच्या पोटात Sent नावाचा आणखी एक फोल्डर असतो. आपण स्वतः पाठवलेल्या फाइली त्यात साठतात, आणि तिकडे सहसा कोणी फिरकत नाही. पूर्वी हेच सगळे फोनच्या अगदी पहिल्या पातळीवरच्या WhatsApp नावाच्या फोल्डरमध्ये असे. अँड्रॉइडचे नियम बदलल्यावर व्हॉट्सअॅपने घर हलवले, पण काही फोनांत जुने सामान मागेच राहिले आहे. माझ्या फोनमध्ये त्या जुन्या फोल्डरात काही जीबी सापडले, आणि ते Manage storage मध्ये कुठेच दिसत नव्हते. संगणकावर उतरवल्यावर दोन-चार व्हिडिओ उघडून नीट चालतात का ते पाहिले आणि मगच फोनवरचे पुसले. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. एकच व्हिडिओ तीन गटांत आला असेल तर एका गटातून काढून जागा सुटेलच असे नाही, त्याच्या सगळ्या प्रती काढाव्या लागतात. शिवाय फाइल फोनमधून गेली की गप्पांत तिचे धूसर चित्र तेवढे उरते. त्यावर टिचकी मारून फाइल परत मिळेल या भरवशावर राहू नये, कारण जुन्या फाइली कंपनीच्या सर्व्हरवर ठेवलेल्या नसतात.

या सफाईने ३० जीबीच्या वर जागा मोकळी झाली. कॅमेरा पूर्वीसारखा झटकन उघडू लागला, टाइप केलेले लगेच दिसू लागले. शोध मात्र तसाच रखडत होता, आणि सकाळी बॅकअप चालू असेल तर फोन हाताला गरम लागायचा. सुट्टीत आलेल्या भाच्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “मावशी, फोटो किती ते नको बघूस, मेसेजची फाइल केवढी झालीये ते बघ.”

खरा उलगडा इथून पुढे झाला. फोटो आणि व्हिडिओ हे सुटे सुटे ठेवलेले असतात, पण सर्व गटांतले सगळे मेसेज, कोणी कधी वाचले याच्या नोंदी, अंगठे आणि हृदये, असे सर्व काही एकाच डेटाबेस फाइलमध्ये लिहिले जाते. गट उघडताना तिच्यातले शेवटचे थोडेच मेसेज वाचावे लागतात, त्यामुळे फाइल मोठी असली तरी गट उघडायला फारसा वेळ लागत नाही. शोधताना मात्र सगळ्या वर्षांची शब्दसूची चाळावी लागते, आणि बॅकअप घेताना ती फाइल वाचून, दाबून, कुलूपबंद करावी लागते. म्हणजे टाइप करताना अडखळणे आणि कॅमेरा मंदावणे ही जागा भरल्याची खूण, तर शोध रखडणे आणि बॅकअप लांबणे ही मेसेज फार साठल्याची खूण. एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

मूळ डेटाबेस आपल्याला पाहता येत नाही, पण त्याची बॅकअप प्रत फोनवर दिसते. वर दिलेल्या पत्त्यात Media च्या शेजारीच Databases हा फोल्डर आहे. रात्री दोनच्या सुमारास तिथे नवी प्रत पडते आणि आधीच्या प्रती आठवडाभरापर्यंत राहतात.

```
msgstore.db.crypt14
msgstore-2024-06-10.1.db.crypt14
```

शेवटचा आकडा काही फोनांत १५ असतो. पहिल्या ओळीतली फाइल सर्वांत ताजी, आणि तारीख असलेल्या त्या मागच्या दिवसांच्या. माझी ताजी प्रत दाबून बांधलेली असूनही ९०० एमबीच्या घरात होती, आणि सगळ्या प्रती मिळून ४ जीबीच्या वर जात होत्या. निव्वळ अक्षरांचे एवढे ओझे होईल असे मला वाटले नव्हते, पण “शुभ सकाळ” आणि त्याखालची शंभर नमस्कारांची रांग रोज साठत गेली तर दुसरे काय होणार?

मेसेज कमी करायचे तर गट रिकामे करणे भाग होते. सोसायटीच्या गटातल्या काही गोष्टींची मला पुढेही गरज पडणार होती, म्हणून आधी Export chat ने त्याचा मजकूर बाहेर काढला. या सोयीला मर्यादा आहे. माध्यमांशिवाय काढले तर शेवटचे ४०,००० मेसेज मिळतात आणि माध्यमांसह काढले तर १०,०००. आमच्या गटातले सुरुवातीच्या काळातले मेसेज त्यामुळे आलेच नाहीत. बाहेर काढलेली ही फाइल वाचायला आणि शब्द शोधायला उपयोगी पडते, पण ती व्हॉट्सअॅपमध्ये परत घालता येत नाही. म्हणून बॅकअपची ताजी प्रतही संगणकावर ठेवली. फोनवरची जुनी प्रत आठवड्यानंतर नाहीशी होते, आणि गट रिकामा केल्यानंतरच्या बॅकअपमध्ये पुसलेले काही नसते, त्यामुळे आधीची प्रत बाजूला ठेवलेली बरी.

त्यानंतर महत्त्वाच्या सूचनांना तारा लावला आणि गटाच्या मेनूतून Clear chat निवडले. त्या खिडकीत तारांकित मेसेज ठेवायचे की तेही पुसायचे, आणि गटातून आलेले फोटो गॅलरीतूनही काढायचे का, हे विचारले जाते. दोन्ही खुणा वाचूनच पुढे जावे. गटाचे सदस्यत्व याने जात नाही, इतरांच्या फोनवरचे काही पुसले जात नाही. मोठा गट रिकामा होताना अॅप बराच वेळ गोठल्यासारखे दिसते, कारण प्रत्येक मेसेजबरोबर शब्दसूचीतल्याही नोंदी काढल्या जात असतात. अशा वेळी अॅप जबरदस्तीने बंद न करता फोन चार्जिंगला लावून बाजूला ठेवावा. मी असे चार मोठे गट एकेक करून रिकामे केले. घरच्या माणसांशी झालेल्या गप्पांना हात लावला नाही, कारण त्यांचा आकार मुळातच लहान होता.

दुसऱ्या दिवशी Databases मध्ये पाहिले तेव्हा बॅकअपची फाइल माझ्या अपेक्षेइतकी उतरलेली नव्हती. ज्या पद्धतीचा हा डेटाबेस आहे, त्यात पुसलेल्या मेसेजांची जागा फाइलच्या आतच मोकळी म्हणून नोंदली जाते आणि पुढच्या मेसेजांना वापरली जाते. वहीतल्या ओळी खोडल्या म्हणून वहीची पाने कमी होत नाहीत, तसेच हे. शोधाचा वेग मात्र लगेच सुधारला, कारण चाळायच्या नोंदीच उरल्या नव्हत्या, आणि माझ्यासाठी तेच महत्त्वाचे होते. अॅप काढून पुन्हा टाकले की हलके होते असेही पुष्कळ जण सांगतात. पण बॅकअपमधून तेच सगळे मेसेज परत येणार असतील तर त्याने मेसेजांचे ओझे घटत नाही. फोनच्या सेटिंगमधल्या Clear cache ने नुकसान काही होत नाही, फायदाही थोडाच. त्याच्या शेजारचे Clear storage किंवा Clear data दाबले तर मात्र त्या फोनवरचे सगळे मेसेज जातात.

गुगलवरचा बॅकअप २०२४ पासून आपल्या खात्याच्या १५ जीबीतच मोजला जातो, त्यामुळे तिथला व्हिडिओंचा समावेश मी बंद केला आहे. मोबाइल डेटा आणि वायफाय या दोन्हींवर व्हिडिओ आपोआप उतरणेही बंद केले. फोटोंचे आपोआप उतरणे चालू ठेवले, कारण पावत्यांचे फोटो वेळेवर दिसावे लागतात. फाटकावरच्या रोजच्या निरोपांसाठी समितीच्या संमतीने वेगळा गट केला आणि तिथे मेसेज ९० दिवसांनी आपोआप नाहीसे होतील अशी सोय लावली. ही सोय लावल्यानंतरच्या मेसेजांनाच लागू होते, आधीचे तिने जात नाहीत, आणि ज्या फाइली कोणी गॅलरीत जतन केल्या त्या तशाच राहतात. हिशेबाच्या आणि ठरावांच्या गटाला मी ती लावलेली नाही. वार्षिक सर्वसाधारण सभेत कोणीतरी दोन वर्षांपूर्वीचा निरोप मागतोच.