सॉल्व्हरनं दिलेलं अशक्य उत्तर

सकाळी नऊच्या सुमाराला पहिल्या कारखान्यातून लोडिंग सुपरवायझरचा फोन आला. "मॅडम, तुमच्या तक्त्यात आमच्या नावावर १३० पेट्या आहेत. आमच्याकडून दिवसाला १२० च्या वर माल निघत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे." माहीत होतंच. ती १२० मीच शीटमध्ये भरली होती आणि सॉल्व्हरला, म्हणजे कमीत कमी खर्चाची वाटणी शोधून देणाऱ्या एक्सेलमधल्या साधनाला, तशी अटही घातली होती. म्हणून आधी मला वाटलं, त्यांचीच बेरीज चुकली असेल. मी शीट उघडली. त्या कारखान्यासमोर 'पाठवलेला माल' ९० दाखवत होता आणि त्याच्या शेजारी क्षमता १२०. मग ओळीतले आकडे बोटानं मोजले: ७०, १०, ०, १०, ४०. म्हणजे १३०. सुपरवायझर बरोबर होते.

मांडणी साधी होती. तीन कारखाने, त्यांची रोजची क्षमता १२०, ८० आणि १००. चार गोदामं, त्यांची मागणी ७०, ९०, ६० आणि ५०. वरच्या चौकटीत प्रत्येक कारखान्यापासून प्रत्येक गोदामापर्यंतचा दर पेटीचा वाहतूक खर्च. खालच्या चौकटीत पेट्यांची संख्या, म्हणजे सॉल्व्हर ज्या सेल बदलतो त्या. या चौकटीच्या उजवीकडे प्रत्येक ओळीची बेरीज आणि तिच्या शेजारी क्षमता, खाली प्रत्येक रकान्याची बेरीज आणि तिच्याखाली मागणी. अटी दोनच होत्या: ओळीची बेरीज क्षमतेपेक्षा जास्त नको आणि रकान्याची बेरीज मागणीपेक्षा कमी नको. ही दुसरी अट उलटी घातली, म्हणजे मागणीपेक्षा 'जास्त नको' म्हटलं, तर सॉल्व्हर सगळीकडे शून्य भरतो आणि खर्च शून्य दाखवतो. ते निदान लगेच दिसतं. माझी चूक दिसणारी नव्हती.

आदल्या संध्याकाळी पाचवं गोदाम जोडायचं होतं, मागणी ४०. मी चौथ्या गोदामाच्या उजवीकडे, बेरजेच्या रकान्याच्या अगदी अलीकडे, नवा रकाना घातला. खर्चाचे आकडे भरले, खालची बेरीज शेजारून ओढून घेतली, एकूण खर्चाच्या `SUMPRODUCT` मधला पल्ला वाढवला, सॉल्व्हरमधल्या बदलत्या सेलही वाढवल्या. फक्त ओळींच्या बेरजा तशाच राहिल्या:

```
=SUM(B9:E9)
```

नवा रकाना `F` होता. पल्ल्याच्या मधोमध रकाना घातला की एक्सेल पल्ला स्वतःच ताणून घेतं, कडेच्या बाहेर घातला तर तसं होईलच असं नाही. माझ्या शीटमध्ये झालं नाही. त्यामुळे पाचव्या गोदामाला जाणाऱ्या पेट्या कुठल्याच कारखान्याच्या हिशेबात पडत नव्हत्या. सॉल्व्हरच्या दृष्टीनं त्या ४० पेट्यांना क्षमता लागतच नव्हती. त्यानं ज्या कारखान्याचा खर्च सर्वांत कमी, म्हणजे पेटीमागे ३, त्याच्यावर त्या टाकल्या आणि मला सांगितलं, `Solver found a solution`. एकूण खर्च १२२० आला. चार गोदामांचा आधीचा खर्च ११०० होता, त्यात ४० गुणिले ३ मिळवले की नेमका हाच आकडा. एवढं सरळ उत्तर आलं तेव्हाच मला खटकायला हवं होतं. नवं गोदाम आल्यावर जुन्या मार्गांपैकी एकही हलला नाही, याचा अर्थ ते कुणाशी क्षमतेसाठी झगडतच नव्हतं.

मग ताळ्याच्या सेलचं काय? ती सेल होती. एकूण क्षमता वजा एकूण मागणी, उत्तर ३०, आणि मी ते ३० बघून समाधानानं शीट पाठवली होती. पण ३० हा आकडा चार गोदामांचा होता. त्यात ४० ची मागणी वाढल्यावर तिथं उणे १० यायला हवं होतं. मागणीची बेरीजसुद्धा `E` पर्यंतच थांबलेली होती. ताळा आणि अट दोन्ही एकाच जागी आंधळ्या झाल्या होत्या.

दुरुस्तीआधी मी एक तपासणी केली, जी आता मी प्रत्येक नव्या शीटवर करते. सगळ्या बदलत्या सेलमध्ये हातानं १ भरला. पाच गोदामं आहेत, म्हणजे प्रत्येक ओळीची बेरीज ५ यायला हवी आणि प्रत्येक रकान्याची ३. रकाने ३ दाखवत होते, ओळी ४. तीनही ओळींत तोच ४. कुठला रकाना सुटला, हे वेगळं शोधावंच लागलं नाही.

बेरजा `F` पर्यंत नेल्या आणि आणखी एक ताळा घातला:

```
=IF(ABS(SUM(G9:G11)-SUM(B12:F12))<0.001,"ठीक","चूक")
```

`G` मध्ये ओळींच्या बेरजा, बाराव्या ओळीत रकान्यांच्या. एकाच चौकटीतल्या पेट्या आडव्या मोजा नाहीतर उभ्या, उत्तर एकच यायला हवं. माझ्या चुकलेल्या शीटवर हा ताळा असता, तर आडवी बेरीज २७० आणि उभी ३१० आली असती. फरक ४०, म्हणजे थेट पाचव्या गोदामाची मागणी. `ABS` आणि ०.००१ यासाठी, की सॉल्व्हर कधीकधी दशांशात किंचित सरकलेला आकडा ठेवतो आणि नुसतं बरोबरचं चिन्ह तिथं उगाच 'चूक' म्हणतं.

आता सॉल्व्हर चालवला तर `Solver could not find a feasible solution`. हेच खरं उत्तर होतं. ३०० पेट्यांतून ३१० ची मागणी भागत नाही.

म्हणून १० पेट्यांची क्षमता असलेला एक काल्पनिक कारखाना घातला. त्याच्या नावावर ज्या पेट्या येतील, त्या त्या गोदामाला मिळणार नाहीत. या वेळी नवी ओळ दोन्ही चौकटींत मधोमध घातली, सॉल्व्हरच्या खिडकीतले सगळे पल्ले पुन्हा वाचले आणि एकाची तपासणी परत केली: ओळी ५, रकाने ४.

त्या काल्पनिक ओळीत खर्च शून्य ठेवला, तर तूट चौथ्या गोदामाच्या वाट्याला आली आणि वाहतूक खर्च ११४० झाला. कारण उघड आहे. पहिल्या कारखान्यातून तिथं १० पेट्या जात होत्या, पेटीमागे ८ खर्चानं, म्हणून तिथं कापलं की सर्वांत जास्त वाचत होतं. पण चौथ्या गोदामात साठा जवळपास संपलेला होता. खर्च वाचतो म्हणून माल तिथलाच तोडायचा, हे मला पटेना. मी गोदामांना विचारलं. पहिल्या गोदामाचे प्रमुख म्हणाले, "आमच्याकडे दोन दिवसांचा माल आहे, दहा उद्या दिल्या तरी चालतील." मग काल्पनिक ओळीत पहिल्या गोदामाला २० आणि बाकी सगळ्यांना १०० असा दंड भरला.

उत्तर हवं तसं आलं: पहिल्या गोदामाला ६० पेट्या, बाकी सगळ्यांना पूर्ण माल. लक्ष्य सेलमध्ये १३८० दिसत होते, पण त्यातले २०० निव्वळ दंडाचे. कुणाच्याही खिशातून न जाणारी ही रक्कम अहवालात जाऊ नये, म्हणून खऱ्या कारखान्यांचा खर्च वेगळ्या सेलमध्ये काढला. तो ११८०. म्हणजे चौथ्या गोदामाचा माल न तोडण्याची किंमत ४० होती, आणि ती मी साहेबांना तशीच लिहून कळवली.

साडेअकराला सुपरवायझरना नवा तक्ता पाठवला. त्यांनी फोनवरच मोठ्यानं बेरीज केली, "साठ, दहा, दहा आणि चाळीस. एकशेवीस. बरोबर, मॅडम." फोन ठेवल्यावर मी शेवटच्या गोदामाच्या आणि बेरजेच्या मधे एक अरुंद रिकामा रकाना घातला, त्याला करडा रंग दिला आणि सगळे पल्ले त्या करड्या रकान्यापर्यंत नेले. पुढचं गोदाम त्याच्या डावीकडेच घातलं जाईल.