"प्रोग्नोसिस एक्सप्लेन्ड" म्हणजे नक्की काय सांगितलं?

रात्रीचा दीड वाजलाय. उद्या सकाळी राऊंड आहे आणि झोपायला पाहिजे पण संध्याकाळचं डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहून टाकते.

आमच्या वॉर्डात एक टाईप केलेला कागद आहे. वाईट रिपोर्ट आला की नातेवाईकांना काय सांगायचं ते त्यात लिहिलंय, आपण फक्त गाळलेल्या जागा भरायच्या. आजचा असा होता: "पेशंटला स्वादुपिंडाच्या हेडचा कॅन्सर आहे, लिव्हरमध्ये मेटास्टॅसिस आहेत, स्टेज फोर. सर्जरीचा रोल नाही. बिलिरुबिन कमी करण्यासाठी स्टेंटिंग, नंतर पॅलिएटिव्ह केमो. प्रोग्नोसिस गार्डेड." मग खाली सही. आणि केसपेपरवर आपण लिहायचं, रिलेटिव्हला प्रोग्नोसिस एक्सप्लेन्ड, म्हणजे आजार पुढं कसा जाईल ते नातेवाईकांना समजावलं.

पेशंट ५८ वर्षांचे, तासगाव भागातले द्राक्षबागायतदार. डोळे पिवळेधमक, अंगाला खाज, लघवी चहासारखी आणि संडास पांढरी. बिलिरुबिन १८. सोबत बायको. मुलगा पुण्यात नोकरीला, उद्या येणार. काकू सारखं विचारत होत्या, रिपोर्ट आला का मॅडम, रिपोर्ट आला का.

मी पहिली चूक केली ती कॉरिडॉरमध्येच सुरुवात करायची. बाजूनं ट्रॉली गेली, काकूंनी पदर सावरला आणि बाजूला सरकल्या, तेव्हा लक्षात आलं की हे असं नाही चालणार. ड्रेसिंग रूम रिकामी होती, तिथं दोन स्टुलं ओढली आणि फोन सायलेंट केला. (नर्सिंगच्या ताईंनी न विचारता दार लावून घेतलं, त्यांना हे सगळं आमच्यापेक्षा जास्त कळतं.)

बेली, बकमन वगैरे डॉक्टरांनी २००० साली स्पाईक्स नावाची सहा पायऱ्यांची पद्धत लिहिली, ती आम्हाला शिकवतात, आणि त्यातली दुसरी पायरी म्हणजे आपण बोलायच्या आधी समोरच्याला काय माहीत आहे ते विचारायचं. आमच्या कागदात ती पायरीच नाही. म्हणून मी विचारलं, "काकू, तुम्हाला आत्तापर्यंत काय काय सांगितलंय?"

"कावीळ झालीया, पोटात गाठ हाय, ती काढायची म्हणं. काढली की बरं हुतील नव्हं?"

म्हणजे सोनोग्राफीवाल्यापासून इथपर्यंत सगळ्यांनी "गाठ" हा शब्द वापरला होता. सौम्य वाटतो म्हणून. आणि गाठ म्हटलं की माणसाला वाटतं ती काढता येते, तिथंच सगळा घोळ.

मी म्हटलं, "काकू, रिपोर्ट आलाय, आणि बातमी चांगली नाहीये." एवढं बोलून थांबले. थांबणं फार अवघड जातं हो, तोंडात पुढचं वाक्य तयार असतं. त्यांनीच मान हलवली, मग मी म्हटलं, "काकांना कॅन्सर आहे. स्वादुपिंड म्हणून जठराच्या मागे एक अवयव असतो, तिथं." कॅन्सर हा शब्द मी मुद्दाम टाळला नाही. त्या काही बोलल्या नाहीत, पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मीही गप्प बसले.

मग कावीळ समजावली, हे सोपं होतं. पित्त लिव्हरमधून आतड्यात जातं त्याची नळी स्वादुपिंडातून जाते, गाठीनं ती दाबलीये, तुमच्या ड्रिपची नळी चोक झाली की पाणी मागं तुंबतं तसं. उद्या तोंडातून दुर्बीण घालून तिथं एक छोटी नळी बसवणार, त्यानं खाज आणि पिवळेपणा हळूहळू उतरेल. "पण त्यानं कॅन्सर जात नाही, फक्त वाट मोकळी होते." हे शेवटचं वाक्य मी दोनदा म्हटलं, कारण कावीळ उतरली की घरचे म्हणतात बघा बरे झाले.

इथवर ठीक चाललेलं, मग मी शहाणपणा केला. ऑपरेशन का नाही हे सांगताना म्हटलं, "लिव्हरमध्ये पण पसरलाय, बागेत डावणी पसरतो तसा." काकू लगेच म्हणाल्या, "मग फवारणी करायची की! डावणी आवरतो औषधानं, दोन वर्सामागं आमचा आख्खा प्लॉट वाचवला त्यांनी."

आता काय बोलणार! डावणी हा द्राक्षावरचा रोग, त्यांचा नवरा आयुष्यभर त्याच्याशी लढून जिंकलेला माणूस, आणि मी तोच दाखला दिला. चेहरा खुलला होता त्यांचा, तो मला परत उतरवायला लागला. म्हटलं, "काकू, माझं उदाहरण चुकलं. हा डावणीसारखा नाही. स्वादुपिंडातला भाग कापून काढला तरी लिव्हरमधला राहतोच, म्हणून एवढं मोठं ऑपरेशन करून त्यांना फक्त त्रास होईल, फायदा नाही. सलाईनमधून औषध देता येतं, केमो म्हणतात, कावीळ उतरल्यावर आणि अंगात ताकद असेल तर. त्यानं आजार काही काळ दबतो, वेळ थोडा वाढू शकतो. पूर्ण जात नाही." "पॅलिएटिव्ह" या शब्दाचं भाषांतर मला एवढंच जमलं.

मग त्या रडल्या. बऱ्याच वेळानं विचारलं, "गावात कावीळ उतरवायला माळ घातली, तीन आठवडे गेले त्यात. तवाच आणलं असतं तर?" कागदावर याला उत्तर नाही. मी सांगितलं की लिव्हरमधला हा भाग तीन आठवड्यांत होत नाही, कावीळ दिसायच्या आधीच तो तिथं गेलेला असणार. लवकर आणलं असतं तर खाज लवकर थांबली असती, ते खरं, पण हे ऑपरेशन तुमच्यामुळं हुकलं नाही. "आणि माझं तिखट?" तिखटाचा काही संबंध नाही काकू.

"किती दिस?" हे विचारलंच. मी आधी विचारलं, ऐकायचंय का आत्ता, की मुलगा आल्यावर? "सांगा." म्हटलं, नेमका दिवस कुणालाच सांगता येत नाही, पण हा वर्षांचा हिशोब नाहीये, महिन्यांचा आहे. "गार्डेड" चं मराठी हे असं आहे, आणि ते बोलताना माझाच आवाज बसला.

शेवटी त्या म्हणाल्या, त्यांना सांगू नका, खचतील. दर वेळी हे येतंच. मी म्हटलं, मी स्वतःहून जाऊन सांगणार नाही, पण त्यांनी मला सरळ विचारलं तर खोटं बोलणार नाही, आणि ते बहुतेक विचारतील, कारण आपलं अंग आपल्याला कळत असतं. त्या यावर काही बोलल्या नाहीत.

एक गोष्ट मात्र पाठ करून घेतली: नळी बसवल्यावर घरी कधीही थंडी वाजून ताप आला किंवा डोळे परत पिवळे झाले तर नळी तुंबली समजायचं आणि त्याच दिवशी यायचं, सकाळची वाट बघायची नाही, माळ तर नाहीच. दुखलं तर गोळ्या आहेत, सोसत बसायचं नाही.

मग म्हटलं, आत्ता मुलाला फोन लावून काय सांगाल? त्यांनी खरंच लावला. "बाळा, बाबास्नी कॅन्सर हाय. कापून जाणारा न्हाई. उद्या नळी घालणारेत, खाज थांबंल. तू चार दिसांची रजा काढून नगो येऊ, जास्त काढ."

केसपेपरवर मी हेच लिहिलंय, त्यांच्याच शब्दांत, मराठीत, आणि खाली त्यांची सही घेतलीये. सकाळी राऊंडला सर बघतील तेव्हा ओरडतीलच.