शून्याचा लॉग आणि रुपयांचे पैसे

‘उत्पन्नाच्या रकान्यात बरीच शून्यं आहेत, त्यामुळे लॉग घेता येत नाही. एक मिळवून लॉग घेऊ, की asinh लावू?’

काहीही लावलंत तरी दुखणं तेच राहतं. मला हे कळलं ते दोन दिवस फुकट घालवल्यावर. शिवणकामाच्या प्रशिक्षणानंतर बायकांची महिन्याची कमाई किती वाढली, असा एक सर्व्हे होता. माझ्या फाइलमध्ये कमाई रुपयांत होती, सहकाऱ्याच्या फाइलमध्ये हजारांत. दोघांनीही log(1+x) घेतला, तरी उत्तरं कुठल्या कुठे. आम्ही एन्ट्रीतली चूक शोधत बसलो. उत्तरांतला फरक मात्र एन्ट्रीमुळे नव्हताच.

छोटं उदाहरण घेऊ. प्रशिक्षण न मिळालेल्या दहा बायका: पाच जणी ४,००० रुपये कमावतात, पाच जणी शून्य. प्रशिक्षण मिळालेल्या दहा: सहा जणी ४,०००, चार जणी शून्य. सरासरी कमाई २,००० वरून २,४०० झाली, म्हणजे २० टक्के वाढ. आता दोन्ही गटांच्या log(1+x) च्या सरासरीतला फरक काढा. दहातली एकच बाई शून्यातून बाहेर आली आहे, म्हणून तो ४,००० च्या रूपांतरित किमतीचा दहावा भाग:

```r
0.1 * log1p(4000)     # रुपये: 0.83
0.1 * log1p(4)        # हजार: 0.16
0.1 * log1p(400000)   # पैसे: 1.29
0.1 * asinh(4000)     # 0.90
0.1 * asinh(4)        # 0.21
0.1 * asinh(400000)   # 1.36
```

लॉगमधला फरक आपण सवयीनं टक्क्यांत वाचतो. तसं वाचलं तर रुपयांत ८३ टक्के, हजारांत १६ टक्के आणि पैशांत १२९. बायका त्याच, कमाई तीच.

का होतं हे? शून्य नसतील तर एकक बदलल्यानं प्रत्येकाच्या लॉगमध्ये सारखीच भर पडते आणि वजाबाकीत ती उडून जाते. पण १ मिळवून घेतलेला शून्याचा लॉग कुठल्याही एककात शून्यच राहतो, तो जागचा हलत नाही. ४,००० मात्र हलतात. शून्य ते पहिली कमाई ही उडी किती मोठी मानायची, हे मग बाईच्या आयुष्यावरून नाही, तुम्ही रकाना रुपयांत भरला की हजारांत, यावरून ठरतं. मिळवायचा आकडा १ ऐवजी ०.०१ घेतलात तरी तेच, कारण त्यानंही त्या उडीची लांबीच बदलते.

asinh दिसायला भारदस्त आहे, म्हणून लोकांना ते सुरक्षित वाटतं. त्याचं सूत्र ln(x + √(x²+1)). x मोठा झाला की ते जवळजवळ ln(2x), म्हणजे लॉगमध्ये ०.६९ मिळवल्यासारखं. शून्याला ते शून्यच देतं. म्हणूनच वरच्या सहा ओळींत दोघांचे आकडे एकमेकांना चिकटून चालतात. जियाफेंग चेन आणि जोनाथन रॉथ यांनी २०२४ साली छापून आलेल्या लेखात हे नेमकं मांडलं: उपक्रमामुळे लोक शून्यातून बाहेर पडत असतील, तर एकक बदलून परिणामाचा आकडा हवा तेवढा छोटा-मोठा करता येतो.

asinh ची खरी सोय आहे ती ऋण आकड्यांसाठी. नफा-तोटा किंवा मालमत्ता वजा कर्ज असा रकाना असेल तर log(1+x) उणे एकशी येऊन अडतो, asinh अडत नाही. आलेखात विखुरलेले ठिपके नीट दिसावेत एवढ्यासाठी मी ते बिनधास्त वापरते. टक्के सांगायची वेळ आली की नाही.

तुमच्याकडे काय चाललंय हे पाहायला दोन मिनिटं लागतात. रकान्याला १०० नं गुणा आणि तेच मॉडेल पुन्हा चालवा. आकडा हलला तर तो टक्का नव्हे.

मग टक्के हवे असतील तर? सरासरीचाच लॉग घ्या, प्रत्येकीच्या कमाईचा नको. पॉयसन रिग्रेशन तेच करतं. त्याला शून्यं चालतात आणि कमाई पूर्णांकात असण्याचीही गरज नसते, फक्त प्रमाण-त्रुटी रोबस्ट घ्यायच्या. आपल्या उदाहरणात गुणक येतो ln(1.2), म्हणजे ०.१८, आणि त्यावरून बरोबर २० टक्के, मग रकाना पैशांत असो की लाखांत. पण हे २० टक्के सरासरीचे आहेत. ‘किती जणी कमवायला लागल्या’ हा प्रश्न वेगळा, त्याचं उत्तर पाचाच्या सहा. मी दोन्ही ओळी लिहिते.

आणि हे सगळं करण्याआधी शून्यं कुठून आली ते बघा. आमच्या त्या सर्व्हेत शेवटी मूळ कागद काढले, तेव्हा काही फॉर्मवर कमाईच्या जागी नुसती आडवी रेघ होती. त्या बाईला प्रश्न विचारलाच नव्हता. एन्ट्री करणाऱ्यानं रेघेचं शून्य केलं होतं.