बाराशे नग विकले गेले, तरी स्लो मूव्हर

वर्षाची खरेदी ठरवायची मीटिंग होती आणि आमच्या साहेबांनी लिस्ट आधीच बनवून आणलेली, वर्षभरात ज्याचे नग जास्त गेले तो माल वर, कमी गेले तो खाली, आणि वरचे सगळे फास्ट मूव्हर. पंपाच्या स्पेअर पार्टचं गोडाऊन आहे आमचं. एक नंबरला एक व्हॉल्व्ह, १२०० नग. म्हणजे महिन्याला १००, म्हणून तीन महिन्यांचा स्टॉक ३०० नग ठेवायचा, असा सरळ हिशोब.

मला जरा खटकलं कारण हा व्हॉल्व्ह रॅकवरून हललेला फारसा दिसत नाही. लॅपटॉपवर पिव्होट लावला, नगांची बेरीज न घेता ऑर्डर किती आल्या ते मोजलं. तर पूर्ण वर्षात फक्त तीन ऑर्डर! १०००, १२० आणि ८०. हजारवाली एका प्रोजेक्टची, परत येणार नाही असं सेल्सवाल्यानेच सांगितलं. ती बाजूला काढली की उरतात २०० नग, म्हणजे ३०० भरून ठेवले असते तर दीड वर्ष पैसा रॅकवर अडकून पडला असता.

मग खालून लिस्ट बघायला घेतली, कारण वर चुकलंय तर खालीही काहीतरी असणारच ना. तिथे एक सील सापडलं, ५४० नग, महिन्याला ४५, "मध्यम" म्हणून सोडून दिलेलं. पण महिनावार उघडलं तर मध्ये सलग तीन महिने शून्य. विक्री शून्य म्हणजे मागणी शून्य असं कुठे असतं? स्टॉक लेजर बघितलं तर त्या तीन महिन्यांत शिल्लकच नव्हती, माल नाही म्हणून गिऱ्हाईक फोनवरच परत पाठवलेलं आणि आमचा रिपोर्ट निघतो बिलांवरून, त्यामुळे त्या मागणीचा कुठे मागमूसच नाही.

माल आला त्या महिन्यात १०० गेले, पण त्यात तुंबलेली मागणी होती म्हणून तोही महिना सोडला. उरलेल्या आठ महिन्यांत ४४०, म्हणजे महिन्याला ५५, आणि प्रत्येक महिन्यात ऑर्डर. हा खरा फास्ट मूव्हर. सप्लायर माल द्यायला दोन महिने घेतो, तेवढ्यात ११० नग लागणार आणि सिस्टीममध्ये रीऑर्डर लेव्हल, म्हणजे शिल्लक किती उरली की नवा माल मागवायचा तो आकडा, टाकलेली ९०. म्हणजे मागणी जरा वाढायची गरजच नाही, नेहमीसारखी राहिली तरी माल येण्याआधी रॅक रिकामा.

साहेब आधी चिडले, "बाराशे गेलेला माल स्लो कसा?" मग तीन ऑर्डरच्या तारखा बघून गप्प झाले. सीलची लेव्हल सेफ्टी स्टॉक धरून १४० केली (मी १५० म्हणत होतो, जाऊ दे), व्हॉल्व्हचे २० नग ठेवायचे आणि मोठी मागणी आली तर ऑर्डर हातात आल्यावरच मागवायचं. सेल्सवाल्याला एक रजिस्टर दिलंय, माल नाही म्हणून परत पाठवलं की तारीख आणि नग लिहायचे. पहिल्या आठवड्यात तर त्याने काहीच लिहिलं नाही.