चिवड्याचं खोकं कोण मोजतं?

"ताई, घरून फराळ विकायला सुरुवात करतेय. पोस्टानं पाठवू, कुरिअरच्या ॲपवरून, की लोकल डिलिव्हरीनं? स्वस्त काय पडतं?"

आधी सांगा, खोक्यात काय आहे? मी असं विचारलं की बऱ्याच जणींना वाटतं, ताई उत्तर टाळतात. टाळत नाही. बेसनाचे लाडू किलोभर असले तरी लहानशा डब्यात बसतात. पातळ पोह्यांचा चिवडा किलोभर भरला की खोकं फुगतं. आणि कुरिअरवाले खोक्याचे पैसे घेतात, चिवड्याचे नाही.

लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि 5000 नं भागायचं. जे येईल ते किलोमधलं आकारमानाचं वजन. काट्यावरचं वजन आणि हे, यातलं जे जास्त त्यावर दर लागतो, तोही बहुतेक ठिकाणी अर्ध्या किलोच्या टप्प्यानं. माझं खोकं 25 × 20 × 15 चं होतं, म्हणजे बरोबर दीड किलो. काट्यावर सगळं मिळून चौदाशे ग्रॅम. ॲपवर हेच आकडे भरले, दीड किलोचे पैसे कापले गेले, मुलगा घरी येऊन पार्सलं घेऊन गेला. इंदूरच्या सुदामानगरातून पुण्या-नागपूरला माल जातोय, तोही पोस्टाच्या रांगेत उभं न राहता, याचा मला केवढा आनंद झाला होता!

दिवाळीच्या तोंडावर ॲपवरचं वॉलेट उणे झालं. कुरिअरच्या हबवर मशीननं खोकी पुन्हा मोजली होती. ठासून भरून टेप मारल्यावर झाकण मधोमध वर आलं होतं आणि मशीन सगळ्यात फुगलेली जागा धरतं. 15 चे 17 झाले. 8500 भागिले 5000, म्हणजे 1.7 किलो, टप्पा दोन किलोचा. दोन सेंटिमीटरसाठी जवळजवळ प्रत्येक पार्सलवर एक टप्पा वाढला. सीओडीचे माझे पैसे त्यांच्याकडे जमा होते, त्यातूनही वळते करून घेतले. वॉलेट भरल्याशिवाय नवं लेबल निघेना. बैठकीत भरलेली खोकी तशीच पडून, आणि फोनवर लोक विचारताहेत, लक्ष्मीपूजनाच्या आत येईल ना? तक्रार केली तर प्रत्येक खोक्याला मोजपट्टी लावलेला आणि काट्यावर ठेवलेला, लेबल दिसेल असा फोटो मागितला. पार्सलं कधीच निघून गेली होती. तक्रार फेटाळली.

उरलेली खोकी आमचे हे आणि मी रिक्षात घालून जीपीओत घेऊन गेलो. मोठं खोकं असलं की तिथेही मापं विचारतात, पोस्ट काही फुकट नेत नाही. पण काटा माझ्यासमोर, आकडा माझ्यासमोर, पैसे दिले, पावती घेतली, विषय संपला. पंधरा दिवसांनी कोणी मागून पैसे कापत नाही. नव्यानं सुरू करणारीच्या हातात मोजकं भांडवल असतं, तिला हे फार मोलाचं आहे. आणि ज्या गावांचा पिनकोड ॲप घेतच नाही, तिथेही पोस्टमन जातो.

त्या वर्षी मी भेटेल तिला सांगत होते, ॲपच्या नादी लागू नका. आज तसं म्हणणार नाही. मशीननं मोजलेलं माप खोटं नव्हतं. लाडू, चटण्या, मेतकूट मी अजूनही ॲपवरूनच पाठवते. तिथे काट्याचं वजनच जास्त भरतं, फुगण्याचा प्रश्न नाही, आणि पिकअप घरून होतं. पण पैसे नंतर कापायचे आणि पुरावा आधीचा मागायचा, हे मला तेव्हाही अन्यायाचं वाटलं आणि आजही वाटतं. म्हणून लेबल चिकटवलं की मोजपट्टीसकट फोटो काढल्याशिवाय खोकं दाराबाहेर जात नाही.

इंदूरातल्या इंदूरात मात्र बाईकवालाच. तो अंतराचे पैसे घेतो, खोकं फुगलं तरी त्याला फरक पडत नाही, आणि चकली तासाभरात अख्खी पोचते. गिऱ्हाईक घरी आहे का, ते निघण्याआधी फोनवर विचारायचं. नाहीतर परतीच्या फेरीचे पैसेही तुमच्याच माथी.

सीओडीबद्दल माझं मत कडक आहे. साडी परत आली तर पुन्हा विकता येते. महिनाभर गोदामं हिंडून आलेला चिवडा कोणाला देणार? त्यात परतीचं भाडंही आपणच भरायचं. माझी जाऊ म्हणते, सीओडी नाही म्हटलं की नवं गिऱ्हाईक हातचं जातं. जातं, हे खरंच आहे. तरी फराळाला मी आता पैसे आधीच घेते.

चिवड्याचं अजून जमलेलं नाही. खोकं लहान घेतलं तर पोहे चुरतात, मोठं घेतलं तर भाडं वाढतं. सध्या खोकं एक माप मोठं घेऊन झाकण सपाट ठेवते आणि ते पोस्टानं पाठवते. चकली इंदूरबाहेर पाठवतच नाही.