शाळेत दिलेली जंताची गोळी, आणि परत दोन आठवड्यांनी घरी दिलेली

आमचा मुलगा तिसरीत आहे, भांडुपला शाळेत जातो. ऑगस्टमध्ये शाळेतून मेसेज आला की जंतनाशक दिन आहे, मुलांना अल्बेंडाझोलची गोळी देणार, डबा नीट भरून पाठवा. हा कार्यक्रम 2015 मध्ये सुरू झाला आणि आता देशभर चालतो, 1 ते 19 वयाच्या सगळ्या मुलांसाठी, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये. आजारी मुलाला त्या दिवशी देत नाहीत, ताप वगैरे असेल तर थोड्या दिवसांनी परत एक दिवस ठेवतात त्याला मॉप-अप म्हणतात, त्यात देतात.

सासूबाईंना हे पटेना, त्यांच्या लहानपणी म्हणे जंताचं औषध उपाशीपोटी द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी एरंडेल पाजायचे, मग दिवसभर संडासाच्या वाऱ्या. आता पोट रिकामं ठेवायची काही गरज नसते, जुलाबाचं औषध पण लागत नाही. उलट पोटात काही असलं की मळमळ कमी होते म्हणूनच शाळेत मधल्या सुट्टीनंतर देतात. गोळी जंताला साखर शोषू देत नाही, म्हणजे त्याची उपासमार होते आणि तो दोन-चार दिवसांत मरतो. म्हणून दुसऱ्या दिवशी संडासात जंत पडलेले दिसतीलच असं नाही, बरेचदा काहीच दिसत नाही आणि तरी गोळीने काम केलेलं असतं.

गोळी 400 मिलीग्रामची, दोन वर्षांवरच्या मुलाला पूर्ण एक, एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी आणि ती पण कुटून पाण्यात. गोळी मोठी असते आणि ती चावूनच खायची असते. बाईंनी आमच्या पोराला समोर बसवून चावायला लावली, तोंड उघडून दाखव म्हणाल्या, मग पाणी दिलं. घरी आल्यावर म्हणतो, आई खडूसारखी लागते पण वास टॉफीचा येतो. घरी नेऊन खा म्हणून शाळेत देत नाहीत ते याचसाठी, घरी नेली की एक तर दप्तरात राहते नाहीतर घाईत अख्खी गिळतात आणि लहान मुलाच्या घशात अडकू शकते.

इथपर्यंत सगळं सोपं होतं. गंमत झाली गणपतीनंतर. रात्री झोपल्यावर पोरगा अंथरुणात नुसता वळवळायचा, मागे खाजवायचा, सकाळी चिडचिड. सासूबाईंचा निकाल तयार, मोदक आणि लाडू जास्त झाले, गोडाने जंत होतात, वावडिंग द्या. मला वाटलं आत्ताच तर गोळी झालीये, जंत कसले. तरी एका रात्री तो झोपल्यावर तासा-दोन तासांनी मोबाईलचा टॉर्च लावून बघितलं तर गुदद्वाराच्या कडेला पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा असावा तसं काहीतरी, जेमतेम अर्धा-एक सेंटीमीटर, आणि ते हललं! अंगावर काटाच आला.

दुसऱ्या दिवशी आमच्या बालरोग डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले हे बारीक जंत, सुतासारखे, मादी रात्री बाहेर येऊन अंडी घालते म्हणून खाज रात्रीच सुटते. संडास तपासायला दिला तर त्यात बहुतेक वेळा सापडत नाहीत, अंडी बाहेर कातडीवर असतात ना. दिसला नसता तर सकाळी उठल्या उठल्या, धुवायच्या आधी, पारदर्शक चिकटपट्टी तिथे लावून ती काचपट्टीवर चिकटवून लॅबमध्ये द्यायला सांगितली असती. पण तुम्ही हलताना बघितलाय, पुरे.

मी विचारलं मग शाळेतली गोळी वाया गेली का. तर म्हणाले नाही हो, तेव्हा पोटात होते ते गेले. पण ही गोळी अंडी मारत नाही आणि औषध एक-दोन दिवसांत अंगातून निघून जातं. अंडी नखात, चादरीत, चड्डीत दोन-तीन आठवडे टिकतात, मूल खाजवतं, तेच बोट तोंडात, की परत सुरू. म्हणून या जंतांना गोळी एकदा आणि बरोबर दोन आठवड्यांनी परत एकदा, म्हणजे मधल्या काळात अंड्यातून निघालेले मोठे होऊन अंडी घालायच्या आत सापडतात. शाळेची सहा महिन्यांची गोळी वेगळ्या कारणासाठी आहे, ती मातीतून येणाऱ्या जंतांसाठी, तिथे मुलाला परत लागण होत राहते म्हणून ठरावीक अंतराने देतात.

आणि एकट्या मुलाला नाही, घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी. मला आधी विचारलं प्रेग्नंट तर नाही ना, कारण तसं असेल तर ही गोळी अशी घ्यायची नसते. सासूबाईंची बाकीची औषधं बघितली मगच त्यांना दिली.

रविवारी जेवण झाल्यावर सगळे बसलो. यावेळी पोराने नखरे केले, नाक मुरडलं, तोंड घट्ट. जबरदस्तीने नाक दाबून कोंबायची नाही, रडताना ठसका लागतो हे डॉक्टरांनी बजावलं होतं. मग दोन चमच्यांच्या मध्ये गोळी दाबून भुगा केला, थोड्याशा पाण्यात कालवला आणि चमच्याने दिला, चमच्याला चिकटलेलं परत पाण्याने धुवून दिलं. संध्याकाळी जरा पोट दुखतंय म्हणाला, एकदा मळमळलं, झोपून उठल्यावर छान. जंत जास्त असले की असं होतं, पण उलट्या थांबेनात, अंगावर पुरळ आलं किंवा पोट कडक झालं तर लगेच दाखवायचं. आणि गोळी घेतल्यावर लगेच उलटीत पडली तर आपल्या मनाने दुसरी द्यायची नाही, फोन करून विचारायचं.

गोळीपेक्षा जास्त काम चादरींनी काढलं. सगळ्यांच्या चादरी, टॉवेल, चड्ड्या गरम पाण्यात, आणि चादर झटकायची नाही, झटकली की अंडी उडतात. मुंबईच्या घरात चार माणसं एका खोलीत, कुठे झटकणार म्हणा! पोराची नखं कापली, सकाळी उठल्यावर आधी आंघोळ, रात्री घट्ट चड्डी. खाज लगेच थांबली नाही, काही दिवस गेले. तिसऱ्या रविवारी सगळ्यांची दुसरी गोळी झाली, त्यानंतर टॉर्च मारून बघितलं तेव्हा काही नव्हतं.

फेब्रुवारीत परत शाळेची गोळी येईल तेव्हा द्यायची का हेही विचारून ठेवलं. एवढे महिने मध्ये गेलेत तर बिनधास्त घेऊ दे म्हणाले. पण घरी डॉक्टरांनी दिलेली गोळी आणि शाळेचा दिवस आठ-पंधरा दिवसांच्या आत आले तर बाईंना डायरीत लिहून कळवा, उगाच डबल नको. सासूबाईंची वावडिंगाची पुडी अजून डब्यात आहे, त्यावर डॉक्टर फक्त हसले आणि म्हणाले ते गोळीच्या जागी देऊ नका.